नुसता फुटलेल्या स्क्रीनचा फोटो आला: दुरुस्ती, विमा की डेटा?

फुटलेल्या फोनचा फोटो येतो आणि खाली एक शब्दही नसतो. पाहणाऱ्याच्या तोंडून बहुधा पहिला प्रश्न निघतो, "बदलायला किती घेतील?" पण पाठवणाऱ्याची काळजी तीनपैकी कोणतीही असू शकते. फोन नीट कसा होईल, विम्याचे पैसे मिळतील का, किंवा आतले फोटो आणि चॅट गेले का. कित्येकदा त्याचं त्यालाही ते ठरवता आलेलं नसतं, म्हणूनच शब्द नसतात.

या तिघांची तुलना खर्चावर केली की घोटाळा होतो. मी ती दोन प्रश्नांवर करतो: कोणती गोष्ट किती थांबू शकते, आणि एक मार्ग धरला की दुसरा बंद होतो का? दुरुस्ती महिनाभरही थांबते. विमा कंपनीला कळवायची मुदत मात्र ठरलेली असते, आणि ती अनेकदा मोजक्या दिवसांची असते. डेटाचं गणित वेगळं आहे: कधी त्याला काहीच घाई नसते, तर कधी हातात काही तासच असतात. यातलं कोणतं, ते फोटोतून बऱ्याच अंशी कळतं.

आधी फोटो नीट बघा

बहुतेक फोनमध्ये वरची काच, स्पर्श ओळखणारा थर आणि चित्र दाखवणारं पॅनल एकमेकांना चिकटवलेलं असतं. तडे नेमके कुठपर्यंत गेलेत, हे पेटलेल्या स्क्रीनवरच दिसतं. फोटो बंद स्क्रीनचा असेल तर पहिलं उत्तर एवढंच पाठवा: "स्क्रीन लागते का? लागत असेल तर चालू करून फोटो पाठव." (स्क्रीनशॉट नको. त्यात तडा येतच नाही, आणि तरी लोक तो पाठवतात.)

तड्यांच्या जाळ्याखाली चित्र अखंड, रंग नेहमीसारखे, रेघा नाहीत, असं असेल तर वरची काचच गेली आहे. हा सगळ्यांत निवांत प्रकार. काळा किंवा जांभळट डाग, हिरवी-गुलाबी उभी रेघ, एखादा भाग कायम अंधारलेला, असं दिसलं तर पॅनलला मार बसलाय. ओएलईडी पॅनलचं वरचं आवरण फुटलं की आत हवा आणि ओल शिरते आणि डाग पसरत जातो. सकाळी कोपऱ्यात असलेला डाग रात्रीपर्यंत निम्मी स्क्रीन गिळू शकतो. अशा फोटोत डेटाची घाई खरी असते, कारण आज दिसतंय ते उद्या दिसेलच असं नाही.

एक वेगळी खूणही पाहून ठेवा. स्क्रीन एका कडेने वर उचललेली दिसत असेल, मागचं झाकण फुगलं असेल आणि फोन पडल्याचं कुणाला आठवत नसेल, तर दोष बॅटरीचा असू शकतो. तो फोन चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही. बाकी सगळं नंतर.

फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी तीन: टच चालतो का, बॅकअप शेवटचा कधी झाला, आणि विमा आहे का. उत्तर देताना एवढंच विचारावं, आणि याच क्रमाने.

डेटा: भीती मोठी, धोका भलतीकडेच

स्क्रीन फुटल्याने डेटा जात नाही. तो आतल्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो आणि काचेशी त्याचा संबंध नाही. नवीन डिस्प्ले बसला की सगळं जिथल्या तिथे सापडतं. पण ती चिप काढून दुसरीकडे वाचता येईल, ही आशा सोडून द्यावी. आजच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि तो उघडायला तोच फोन आणि त्याचा पिन, दोन्ही लागतात.

म्हणून खरा प्रश्न असा: फोन अजून अनलॉक करता येतोय का? येत असेल तर वायफाय जोडा आणि फोटो-चॅटचा बॅकअप सुरू करा. फोन बंद होऊ देऊ नका. बंद करून चालू केल्यावर बोट किंवा चेहरा चालत नाही, पिनच टाकावा लागतो. पिनमधला एखादा आकडा नेमका मेलेल्या भागात आला की दार बंद. टच गेला असून चित्र दिसत असेल, तर अँड्रॉइड फोनला ओटीजी अडॅप्टरने माऊस जोडून बहुतेक वेळा काम भागतं. आयफोनला कीबोर्ड जोडून पासकोड टाकता येतो, पण तो तासाभराहून जास्त लॉक राहिला असेल तर अनलॉक होईपर्यंत यूएसबीवरचं उपकरण स्वीकारत नाही. इथेही उशीर महागात पडतो.

याला अपवाद एकच. स्क्रीन आपोआप दाबली जात असेल, अॅप उघडत असतील, आकडे टाईप होत असतील, तर फोन चालू ठेवण्यात धोका जास्त. लॉक स्क्रीनवर असे भुताटकीचे टच चुकीचे पिन टाकत राहतात आणि फोन स्वतःला कुलूप घालून घेतो. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर डेटा पुसण्याची सोय आयफोनवर सुरू केलेली असेल, तर पुढे काय होणार ते उघड आहे. अशा वेळी तो बंद करून नवीन डिस्प्लेपर्यंत तसाच ठेवावा.

सिम घाईघाईने दुसऱ्या फोनमध्ये घालून तिथे व्हॉट्सअॅप सुरू करणं हीदेखील नेहमीची चूक. नव्या फोनवर नोंदणी झाली की जुना फोन लॉगआउट होतो आणि बॅकअप नसलेली चॅट तिकडेच अडकते. ओटीपीसाठी सिम हलवा, व्हॉट्सअॅपची नोंदणी मात्र थांबवा. संगणकावर ते आधीच जोडलेलं असेल तर मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तरी तिथे चालत राहतं. तेवढ्यात दुरुस्ती होते.

विमा: पैसे मिळतात, कधीकधी फोन जातो

दाव्याचा कच्चा माल म्हणजे तोच बिनशब्दांचा फोटो. पण तो मेसेजमधून आलेला चालेलच असं नाही. मेसेज अॅप फोटो दाबून लहान करतात आणि त्यातली वेळेची नोंद बऱ्याचदा काढून टाकतात. फोटो ज्या दुसऱ्या फोनने काढला, त्यातली मूळ फाईल जपून ठेवायला सांगा. शक्य असेल तर *#06# डायल करून स्क्रीनवर आयएमईआय आला असतानाच फोटो काढावा. तडा आणि फोनची ओळख एकाच चौकटीत येतात. स्क्रीन मेली असेल तर तो क्रमांक खोक्यावर किंवा बिलावर सापडतो. असा फोटो मात्र ग्रुपवर टाकू नये.

फोन बनवणाऱ्या कंपनीची साधी वॉरंटी पडून फुटलेल्या काचेला लागू होत नाही. अपघाती नुकसानीचं वेगळं कवच घेतलेलं हवं. ते असेल तर दोन अटी वाचायच्या: दुरुस्ती विमा कंपनीने नेमलेल्या ठिकाणीच करायची का, आणि तपासणीआधी फोन उघडला तर दावा बाद होतो का. अशी अट असेल तर आधी बाहेर स्क्रीन बदलून मग बिल पाठवणाऱ्याला नकार मिळतो.

आता कमी बोलली जाणारी गोष्ट. मंजूर झालेल्या दाव्यात कधीकधी दुरुस्तीऐवजी बदली फोन मिळतो आणि जुना फोन त्यांच्याकडे राहतो. शिवाय सर्व्हिस सेंटर फोन घेतानाच "डेटा पुसला जाऊ शकतो" या कागदावर सही घेतं. म्हणजे पडल्याने न गेलेला डेटा दाव्याने जाऊ शकतो. विमा आणि डेटा या दोन काळज्या वेगळ्या ठेवता येत नाहीत, त्या इथे एकमेकींना आडव्या येतात.

पैशाचं गणित सोपं. अधिकृत दुरुस्तीचा खर्च १०० धरू. पॉलिसीत तुमच्या वाट्याचे २५ असतील, तर दावा करावा. वाटा ५० असेल आणि बाहेर ५५ मध्ये काम होत असेल, तर पाचासाठी आठवडाभर कागद हलवण्यात अर्थ नाही, त्यातून वर्षाला एकच दावा करता येत असेल तर नाहीच.

दुरुस्ती: सगळ्यांत शेवटी, पण विचारून

फक्त काच गेली असेल तर "काचच बदलून देतो" असं कुणी म्हणेल. हे होतं, पण काच तापवून पॅनलपासून सोडवावी लागते आणि त्यात चांगलं पॅनल मरण्याचा धोका असतो. आधीच ठरवून घ्या: पॅनल गेलं तर भरपाई कोण करणार? पूर्ण डिस्प्ले बदलताना तो मूळ आहे की पर्यायी, हे बिलावर लिहून घ्यावं. पर्यायी डिस्प्लेखाली बोटाचा ठसा कधीकधी ओळखला जात नाही, आणि काही फोन सेटिंगमध्ये "अनोळखी भाग" असं दाखवत राहतात. पाण्यापासून मिळणारं संरक्षणही फोन उघडल्यावर पूर्वीसारखं धरू नये.

एक फोटो, शेवटपर्यंत

समजा फोटोत डाव्या वरच्या कोपऱ्यातून तडे फुटलेत, उजव्या खालच्या बाजूला नखाएवढा काळा डाग आहे, शेजारी हिरवी रेघ, आणि वरच्या भागात घड्याळ स्पष्ट दिसतंय. विचारल्यावर कळतं की टच खालच्या पट्ट्यात चालत नाही, बॅकअप कित्येक महिन्यांत झालेला नाही, आणि विमा "बहुतेक आहे".

मी याला दुरुस्तीचा प्रश्न मानणार नाही. पॅनल मरतंय आणि बॅकअप नाही, म्हणजे आजची संध्याकाळ डेटाची. फोन चार्जरवर, बोटाने अनलॉक, स्क्रीन आडवी करून (फिरवण्याची सोय सुरू असेल तर) मेलेल्या पट्ट्यातली बटणं जित्या भागात आणायची आणि बॅकअप सुरू करायचा. तो चालू असताना दुसऱ्या फोनवरून पॉलिसी शोधायची आणि घटना आजच कळवून दाव्याचा क्रमांक घ्यायचा. कळवण्याने काही बिघडत नाही, दावा नंतर सोडूनही देता येतो.

बॅकअप होण्याआधीच स्क्रीन पूर्ण गेली, तर मार्ग एक उरतो. कुशल कारागीर चाचणीचा डिस्प्ले न चिकटवता तात्पुरता जोडून तासाभरात डेटा काढू देतो. मात्र त्यासाठी फोन उघडावा लागतो, म्हणून विमा कंपनीची लेखी परवानगी आधी. परवानगी मिळाली नाही, तर "बदली नको, दुरुस्तीच करा, रिसेट करू नका" ही विनंती दाव्यातच लिहायची आणि ती मान्य झाल्याचं उत्तर येईपर्यंत फोन हातातून सोडायचा नाही. बॅकअप झाला असेल, तर देण्याआधी फोनचा दुरुस्ती मोड सुरू करा. सॅमसंगमध्ये त्याला मेंटेनन्स मोड म्हणतात, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड. कारागिराला फोन तपासता येतो, तुमचे फोटो दिसत नाहीत, आणि पिन सांगावा लागत नाही.