शित्झू म्हणून गळ्यात मारलेलं मिश्र पिल्लू

ठाण्यातल्या एका कुटुंबाने 28,000 रुपयांना 'प्युअर शित्झू' घेतलं. व्यवहार सगळा व्हॉट्सअॅपवर झाला. सातव्या महिन्यात त्या कुत्र्याचे कान अर्धवट उभे राहिले, नाकाड पुढे आलं आणि पशुवैद्यांनी सांगितलं की हे शित्झू आणि पॉम म्हणजे पॉमेरेनियन यांचं मिश्रण दिसतंय. कुत्रं गोड आहे, निरोगी आहे, घरच्यांचा जीव आहे त्याच्यावर. पण पैसे शुद्ध जातीचे मोजले होते, आणि विकणाऱ्याने पाठवलेल्या तीनच फोटोंत ही लबाडी बऱ्यापैकी दिसत होती.

पहिला फोटो वरून काढलेला, पिल्लू मांडीवर. कॅमेरा वर आणि जवळ असला की डोकं मोठं आणि तोंड चपटं दिसतं, म्हणजे कुठलंही केसाळ पिल्लू शित्झूसारखं वाटू लागतं. दुसऱ्यात डोक्यावर रिबन आणि केस पुढे विंचरून नाकावर आणलेले. नेमकं जे पाहायचं तेच झाकलेलं. नाकाडाची लांबी बाजूनेच कळते. शित्झूमध्ये नाकाच्या टोकापासून कपाळाच्या खाचेपर्यंतचं अंतर मोठ्या कुत्र्यातही साधारण अडीच सेंटीमीटर असतं. पॉमचं तोंड कोल्ह्यासारखं निमुळतं असतं. दोघांच्या पिल्लांत नाकाड बहुधा मधल्या लांबीचं निघतं, आणि ते लहानपणी फसवं असतं, कारण सगळ्याच पिल्लांची तोंडं आखूड असतात. म्हणून डोळ्यांच्या पातळीवर फोन धरून, केस मागे सारून काढलेला बाजूचा फोटो मागायचा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबलेलं बरं.

मग या मिश्रणाची खूण काय? इथे बहुतेक लोक चुकतात. मिशा-दाढी दिसली की 'शित्झूच' असा शिक्का मारतात. या मिशा देणारा गुणसूत्रातला घटक वरचढ असतो. आई किंवा बाबा यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. म्हणजे शित्झू आणि पॉम यांच्या पिल्लांना सहसा मिशा येणारच. त्यामुळे मिशा असणं हा शुद्धतेचा पुरावा नाही. उलट्या बाजूने मात्र ही खूण कामाची: 'पॉम' म्हणून दाखवलेल्या पिल्लाच्या नाकावर आणि हनुवटीवर लांब केस फुटत असतील, तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलंय हे जवळपास नक्की.

कान आणि डोळे जास्त सांगतात. शित्झूचे कान जन्मभर लोंबतात. पॉमचे लहान, टोकदार कान बहुधा दोन महिन्यांच्या आसपास उभे राहू लागतात. मिश्र पिल्लाचे कान घडी पडल्यासारखे असतात आणि दात बदलण्याच्या वयात कधी उठतात, कधी एकच उठतो. ठाण्याच्या तिसऱ्या फोटोत कानाच्या मुळाशी तो उठाव स्पष्ट होता. शित्झूचे डोळे मोठे, गोल आणि समोर बघणारे. पॉमचे बदामी, किंचित तिरपे. रंगावरून मात्र काही ठरवू नका, दोन्ही जातींत अनेक रंग येतात.

पगच्या मिश्रणात वेगळीच गंमत होते. पगचे आखूड केस हे वरचढ, म्हणून पग आणि पॉम यांच्या पहिल्या पिढीत फुगीर केसांचं पिल्लू सहसा निघत नाही. कुणी पिंजलेल्या कापसासारखं पिल्लू दाखवून 'बाप पग आहे' म्हणालं तर विश्वास ठेवू नका. तसंच 'टॉय पॉम' सांगून देशी स्पिट्झ खपवणंही नेहमीचं. प्रौढ पॉम दीड ते सव्वातीन किलोचा असतो, स्पिट्झ त्याच्या दुप्पट आणि पुढेही जातो. फोटोत शेजारी पाण्याची एक लिटरची बाटली ठेवायला सांगा, आकाराचा अंदाज येतो.

आईवडिलांचे फोटो? ठाण्यात पाठवलेले 'आई'चे फोटो परदेशी प्रदर्शनातले होते. गूगल लेन्सवर टाकले असते तर लगेच कळलं असतं. त्याऐवजी पिल्लू आईचं दूध पितानाचा थेट व्हिडिओ कॉल मागा. नियमाप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. ठाण्याचं पिल्लू 45 दिवसांचं होतं. केनेल क्लबचे कागद दाखवले तर त्यावरचा मायक्रोचिपचा 15 आकडी क्रमांक पशुवैद्यांकडच्या स्कॅनरवर पिल्लाच्या अंगातल्या चिपशी जुळवून घ्या. नुसता कागद कुठल्याही कुत्र्याचा असू शकतो.

आणि पावतीवर जात लिहून घ्या. ठाण्याच्या पावतीवर 'पपी, 1 नग' एवढंच होतं. तक्रार करताना जातीचा एकमेव पुरावा उरला तो व्हॉट्सअॅपवरचा संवाद, आणि त्यातले मेसेज विकणाऱ्याने 'सर्वांसाठी डिलीट' करण्याआधी स्क्रीनशॉट काढलेले होते म्हणूनच ग्राहक हेल्पलाइन 1915 वर सांगण्यासारखं काही हाती राहिलं.