‘बी३ आहे, उणे पंचवीसला चालतो, आठ नंबर’: लेहमध्ये भाड्याने घेतलेल्या बुटांची गोष्ट

नाशिकच्या एका ट्रेकरने ऑगस्टमधल्या कांग यात्से-२ साठी लेहच्या एका दुकानातून बूट ठरवले. शिखर ६,२५० मीटरचं, शेवटचा चढ बर्फाचा, बुटाखाली बसवायचे लोखंडी दात म्हणजे क्रॅम्पॉन लागतातच. फोनवर दुकानदाराने तीन गोष्टी सांगितल्या: बूट बी३ म्हणजे सर्वांत ताठ सोलचे आहेत, उणे पंचवीसला चालतात, आठ नंबर मिळेल. सोबत नव्याकोऱ्या बुटांचा फोटो पाठवला. दिवसाला २५० रुपये भाडं आणि ६,००० रुपये डिपॉझिट ठरलं, पैसे यूपीआयने आगाऊ गेले. तीनपैकी एकही गोष्ट खरी निघाली नाही. दरवर्षी असे दोन-चार जण आपल्या ट्रेकिंगच्या वर्तुळात भेटतातच, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

बूट हातात मिळाले ते निघायच्या आदल्या रात्री नऊ वाजता. हा उशीर सहसा मुद्दाम केलेला असतो. पहाटे गाडी सुटणार, बाकीची दुकानं बंद, त्यामुळे समोर येईल ते गिऱ्हाईक उचलतं. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथे पोचल्यावर दोन दिवस विश्रांती घ्यावीच लागते. बूट त्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाहून घ्या. चालून पाय थोडे फुगलेले असतात, मापही खरं कळतं आणि नाही म्हणायला वेळही उरतो.

त्या रात्री काउंटरवर आलेले बूट फोटोतले नव्हतेच. दुकानदाराने बूट उलटे करून तळवे दाखवले. रबराची नक्षी खोल होती, कडा शाबूत होत्या. ‘बघा, घासलेच नाहीत,’ असं तो म्हणाला आणि ट्रेकरचं समाधान झालं. खरं तर संशय यायला हवा होता तो इथेच. बाहेरचं काळं रबर आणि वरचं चामडं यांच्यामध्ये एक फोमसारखा थर असतो, त्याला मिडसोल म्हणतात. बऱ्याच डोंगरी बुटांत तो पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने हे पॉलियुरेथेन आतून हळूहळू तुटत जातं. बूट वापरा, नाहीतर खोक्यात ठेवा, ही झीज थांबत नाही. पाच ते दहा वर्षांत ते शेवेसारखं भुगा व्हायला लागतं. लेहची हवा कोरडी आहे हे खरं, पण तिथले भाड्याचे बूट बरेचदा परदेशी गिर्यारोहकांकडून किंवा दुसऱ्या शहरांतून आलेले असतात आणि त्यांचं वय कारखान्यापासून मोजायचं असतं. न घासलेलं रबर आणि जुनाट चामडं एकाच बुटात दिसलं, तर तो बूट बरीच वर्षं पडून होता असं समजा.

तपासायला एक मिनिट पुरतं. मिडसोलच्या कडेत अंगठ्याचं नख जोरात दाबा. चांगल्या मिडसोलवर वळ उठतो आणि भरून येतो. खराब झालेल्यात नख रुततं, तुकडा निघतो किंवा बोटांना चिकट भुकटी लागते. मग चामडं आणि सोल यांच्या सांध्यावर बोट फिरवा. पिवळट, सुकलेल्या गोंदाची रेघ कडेबाहेर आलेली असेल, तर सोल एकदा सुटून पुन्हा चिकटवलेला आहे. भुग्यावर गोंद धरत नाही, त्यामुळे तो पुन्हा सुटणार. जिभेच्या आतल्या पट्टीवर बरेचदा बनवल्याची तारीख असते. पट्टी कापून टाकलेली दिसली तर बूट परत करा. जुन्या प्लास्टिकच्या कवचाच्या बुटांचंही असंच. कवच वरून धड दिसतं आणि थंडीत एकाएकी तडकतं. घोट्याजवळच्या सांध्याभोवती केसाएवढी रेघ दिसली तरी तो जोड नको.

आता बी३. बी० ते बी३ हा क्रम सोल किती ताठ आहे आणि बुटाला कोणतं क्रॅम्पॉन बसतं हे सांगतो. तो कुठल्या प्रयोगशाळेचा शिक्का नाही, बनवणारी कंपनी स्वतःच ठरवते. म्हणून दुकानदाराच्या शब्दापेक्षा स्वतःच्या हातांवर विश्वास ठेवा. टाच एका हातात, टोक दुसऱ्या हातात धरून बूट गुडघ्यावर वाकवा. बी३ दिसण्याइतका वाकत नाही. बी२ सगळा जोर लावल्यावर किंचित वाकतो. सहज वाकला तर तो बी१ किंवा त्याहून मऊ आहे. दोन्ही बूट वेगवेगळे वाकवून पाहा, कारण जुन्या जोडीत एकाची आतली ताठ पट्टी मोडलेली असू शकते.

दुसरी खूण खाचेची. बी३ ला पुढे टोकाशी आणि मागे टाचेशी, दोन्हीकडे रबराची खोल खाच असते. पुढच्या खाचेत क्रॅम्पॉनची तार बसते, मागच्या खाचेवर टाचेची कळ अडकते. बी२ ला सहसा फक्त मागची खाच असते. त्याला पुढे तारेऐवजी प्लास्टिकचा कप असलेलं, ज्याला सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात ते क्रॅम्पॉन लागतं. नाशिकच्या ट्रेकरला मिळालेल्या बुटाला पुढची खाच नव्हती. दुकानदाराने मात्र पुढे तार असलेलं क्रॅम्पॉन लावून दाखवलं. टाचेची कळ खट् करून बसली आणि गिऱ्हाइकाला वाटलं, झालं काम. तार टोकाच्या गोल रबरावर नुसती टेकलेली होती. दुकानाच्या फरशीवर ती टिकते, कारण तिथे तिच्यावर बाजूने ताण येत नाही. बर्फात पुढचे दात रोवताना टोक आडवं ढकललं जातं आणि तार घसरते.

म्हणून क्रॅम्पॉन दुकानात लावून पाहताना मागची कळ आणि पट्टा न लावता बूट उचला. लांबी नीट जुळवली असेल तर क्रॅम्पॉन बुटाला धरून राहतं, खाली पडत नाही. मग कळ बसवून बुटाला बाजूने तळहाताचे पाच-सहा जोरदार फटके मारा. तार जरा जरी सरकली तरी ते क्रॅम्पॉन त्या बुटाचं नव्हे. आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. कांग यात्से-२ च्या बर्फाच्या चढासाठी बी२ चा ताठपणा पुरतो. त्या दुकानदाराने खरं सांगून कपवालं क्रॅम्पॉन दिलं असतं, तर निदान पायाखालचं क्रॅम्पॉन तरी निघालं नसतं. बी३ म्हणजे अधिक चांगला, असं नसतं. तिथवर नेणारी मारखा खोऱ्यातली लांबलचक वाट बी३ घालून चालणं म्हणजे नडग्या आणि टाचा सोलून घेणं. बेस कॅम्पपर्यंत साधे ट्रेकिंगचे बूट घाला, ताठ बूट घोड्यावर जाऊ द्या.

‘उणे पंचवीस’ हा आकडा सर्वांत पोकळ. गिर्यारोहणाच्या बुटांसाठी अशी सगळ्यांनी मान्य केलेली तापमानाची मोजणी नाही. कंपनीने आकडा दिला तरी तो चालत्या, कोरड्या, नीट खाल्लेल्या माणसाचा असतो. ६,००० मीटरवर दोरावर आपली पाळी येईपर्यंत पाऊण तास उभं राहिलं की तो लागू पडत नाही. ‘आत ४०० ग्रॅमचं इन्सुलेशन आहे’ हे वाक्यही असंच फसवं आहे. तो आकडा एका चौरस मीटर अस्तराचं वजन सांगतो. त्यावरून बूट किती उबदार ते थेट कळत नाही, आणि मऊ सोलच्या साध्या हिवाळी बुटातही ४०० ग्रॅम असू शकतं.

विचारायचं ते एवढंच की लाइनर, म्हणजे आतला मऊ बूट, सुटा निघतो का. निघत असेल तर तो दुहेरी बूट. त्याचा मोठा फायदा रात्री कळतो. लाइनर झोपायच्या पिशवीत घेऊन झोपता येतं, घाम वाळतो आणि मध्यरात्री कोमट लाइनर पायात जातो. एकेरी बुटाचं अस्तर शिवलेलं असतं. ते दिवसभरात ओलं होतं आणि तंबूच्या दाराशी गोठतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाय सहसा गार न पडणारी माणसं चांगला एकेरी बूट घालून जाऊन येतात. सप्टेंबर असेल किंवा बोटं पूर्वी कधी बधिर झाली असतील, तर दुहेरीच घ्या. भाड्याच्या दुहेरी बुटात लाइनर बाहेर काढून टाचेखाली आणि चवड्याखाली चिमटीत धरा. तिथे तो पुठ्ठ्यासारखा चपटा झाला असेल तर ऊब संपली. दोन्ही लाइनरवरचा नंबर कवचावरच्या नंबराशी ताडून पाहा. दुकानांत लाइनर सर्रास अदलाबदल झालेले असतात.

नंबराने घोटाळा पुरा केला. आपल्याकडचा आठ म्हणजे ब्रिटिश आठ. तोच बूट पट्टीवर युरोपी ४२ आणि अमेरिकी ९ असा दिसतो. ट्रेकरला मिळाला तो अमेरिकी ८, म्हणजे आपला सात. त्याने तो पातळ मोजे घालून खुर्चीत बसून पाहिला आणि बरोबर वाटला. घट्ट बूट थंडीत जास्त धोक्याचा, कारण दाबलेल्या बोटांत रक्त फिरत नाही आणि हिमदंश तिथून सुरू होतो. माप पाहताना ज्या जाड मोज्यांत शिखर चढणार तेच घाला. दुहेरी बुटात आधी लाइनर काढून पाय नुसत्या कवचात घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे हाताची दीड ते दोन बोटं जातात का पाहा. मग लाइनरसह घालून, लेस बांधून, जिन्याच्या पायरीवर उतरत्या दिशेने उभे राहा आणि टोक तीनदा आपटा. बोटं पुढे लागली तर नंबर लहान आहे. ताठ सोल वाकत नसल्यामुळे चालताना टाच थोडी उचलली जाणारच, ते चालतं.

शिखराच्या रात्री डावं क्रॅम्पॉन दोनदा निघालं. दुसऱ्यांदा बसवताना बुटाच्या टोकाशी सोल तोंड उघडलेला दिसला. आत मिडसोलचा करडा भुगा होता. उजव्या पायाची दोन बोटं बधिर झाली होती. गाईडने तिथूनच परत फिरवलं, सोल चिकटपट्टी आणि दोरीने बांधून त्याला खाली आणलं, आणि बोटं वाचली.

लेहला आल्यावर दुकानदार म्हणाला, ‘सोल तुम्ही तोडला,’ आणि ६,००० रुपये ठेवून घेतले. एक जीर्ण जोड तीन-चार गिऱ्हाइकांच्या डिपॉझिटवर नव्या बुटाची किंमत भरून देतो, म्हणूनच तो फेकला जात नाही. यावर उपाय बूट घेतानाच करायचा. दुकानात, दुकानदाराचा आवाज येईल असा एकच सलग व्हिडिओ काढा: जिभेवरची पट्टी, मिडसोलवर नख दाबताना, सोलचा सांधा चारही बाजूंनी, क्रॅम्पॉन लावलेला बूट. पावतीवर मॉडेल, नंबर, क्रॅम्पॉनचा प्रकार, डिपॉझिटची रक्कम आणि ‘सोल जुना झाल्याने सुटल्यास गिऱ्हाईक जबाबदार नाही’ हे वाक्य लिहून सही घ्या. जो दुकानदार हे वाक्य लिहायला तयार नसतो, त्याला आपल्या सोलची अवस्था ठाऊक असते.

पैसे अडकलेच असतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. म्हणजे नाशिकच्या माणसाला त्यासाठी लेहला हेलपाटे घालावे लागत नाहीत. सोबत फोनवरचे संदेश, फोटो, यूपीआयची नोंद आणि फुटलेल्या मिडसोलचा जवळून काढलेला फोटो जोडा. त्या फोटोत भुगा दिसला पाहिजे, कारण ओढून फाटलेला सोल आणि कुजून सुटलेला सोल यांतला फरक तोच दाखवतो.