पन्नास-पन्नासची कोंडी: 'एकच भाव' की मूल्यांकन?

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगचं उदाहरण घेऊ. दोघांची खासगी कंपनी, शेअर निम्मे-निम्मे. एकजण कापूस खरेदी आणि मशीन सांभाळतो, दुसऱ्याचा नागपुरात धंदा आहे आणि हातात रोकड आहे. नवीन प्रेस घ्यायचा की नाही यावर दोघं अडले. कंपनीची किंमत 1 कोटी 60 लाख धरू, म्हणजे एकाचा वाटा 80 लाखांचा.

अशी कोंडी सोडवायला शेअरधारकांच्या करारात बहुतेक वेळा दोन कलमांपैकी एक असतं. पहिल्यात एकजण भाव सांगतो आणि दुसरा ठरवतो, त्याच भावाला विकायचं की विकत घ्यायचं. इंग्रजी करारांत याला 'रशियन रूलेट' म्हणतात. वाटतं, भाव कमी सांगितला तर आपलाच वाटा स्वस्तात जाईल, म्हणून कुणी लबाडी करणार नाही. पण हे दोघांकडे सारखी रोकड असेल तरच खरं. नागपूरवाल्यानं ऐन नोव्हेंबरात 50 लाख सांगितले आणि मुदत 30 दिवसांची असली, तर दुसरा म्हणेल, "एका महिन्यात पन्नास लाख कुठून आनू बाप्पा?" त्याचा सगळा पैसा तेव्हा कापसात अडकलेला असतो. 80 चा वाटा 50 ला जातो, तोही कराराप्रमाणे.

दुसऱ्या कलमात भाव नोंदणीकृत मूल्यांकनकर्ता ठरवतो. भाव 80 च्या आसपास येईल आणि पैसे हप्त्यांत देता येतील. उणीव एवढीच की घेणारा कोण, हे त्यातून ठरत नाही. दोघंही 'मीच ठेवतो' म्हणाले की कोंडी तशीच.

मी असतो तर दोन्ही जोडली असती: मूल्यांकनाचा आकडा हा किमान भाव, त्यावर दोघांच्या बंद पाकिटातल्या बोली, जास्त बोलीवाला घेणार. पैसे भरायला 120 दिवस, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे कलम वापरायची नोटीस देणं बंद.

मतं समसमान पडली की अध्यक्षाचं जादा मत हा तिसरा मार्ग, पण मग पन्नास-पन्नास नावापुरतंच उरतं. आर्टिकल्स म्हणजे कंपनीची नियमावली; कंपनी कायद्यातल्या टेबल एफचे नमुना आर्टिकल्स तसेच घेतले असतील तर संचालक मंडळाच्या अध्यक्षाला हे मत आधीच मिळालेलं असतं. ते आधी तपासा.

आणखी एक. शेअर विक्रीवरचं बंधन नुसतं करारात असून भागत नाही, आर्टिकल्समध्येही हवं. 1991 च्या रंगराज प्रकरणात सुप्रीम कोर्टानं आर्टिकल्समध्ये नसलेलं असं बंधन कंपनीवर लागू होत नाही असं ठरवलं.

बाहेर पडणाऱ्यानं बँकेला दिलेली वैयक्तिक हमी शेअर विकल्यानं सुटत नाही. हमी सोडल्याचं बँकेचं पत्र हाती येईपर्यंत शेवटचा हप्ता आणि शेअर हस्तांतर पूर्ण होणार नाही, असं लिहून घ्या. जिनिंग एखाद्याच्या वडिलोपार्जित जमिनीवर उभी असेल, तर भाडेपट्टा त्यानंतरही किती वर्षं चालेल, तेही त्याच कागदावर.