टॉप लोड मशीनचा ड्रम: आठ महिने परकार्बोनेट वापरल्यावर

मशीन साडेसहा किलोची, टॉप लोड, हीटर नसलेली. धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर जळक्या कागदासारखे काळे तुकडे येत होते आणि झाकण उघडलं की कुबट वास यायचा. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये कपडे घरातच वाळतात, तेव्हा तो वास कपड्यांतही उतरतो.

हे तुकडे स्टीलच्या ड्रममधले नसतात. ड्रमच्या बाहेर प्लास्टिकचा दुसरा टब असतो. या दोघांच्या मधल्या जागेत न विरघळलेली पावडर, कपड्यांचं तेलकट, कंडिशनरचा चिकटा आणि बुरशी यांचा थर साचतो. गार पाण्यात जास्त पावडर टाकली की तो लवकर वाढतो. आधी डिस्केलिंग पावडरच वापरली जात होती. ती पाण्याचे क्षार काढते, पण या चिकट थराला तिचा फारसा उपयोग होत नाही. वास दोन आठवड्यांत परत यायचा.

फरक पडला तो सोडियम परकार्बोनेट या ऑक्सिजन ब्लीचच्या पावडरीने. प्रमाण दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम, म्हणजे पन्नास लिटरला अर्धा किलो. कमी घातलं तर थर नुसता सैल होतो आणि पुढचे आठ दिवस कपड्यांवर येत राहतो. ड्रम रिकामा ठेवून गिझरचं पाणी बादलीने ओतायचं, ४० ते ५० अंशांचं. उकळतं नको, प्लास्टिक आणि सील खराब होतात. लिंटची जाळी आधीच काढून ठेवायची. पाच मिनिटं वॉश फिरवून पॉज करायचं, तुकडे वर तरंगतात. ते चहाच्या गाळणीने काढायचे, दोन-तीन तास भिजू द्यायचं, परत फिरवायचं, परत गाळायचं. पाणी गार झालं की पावडरीचं काम संपत आलेलं असतं, त्यामुळे रात्रभर ठेवून फार काही मिळत नाही.

गाळल्याशिवाय पाणी सोडू नका, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तुकडे ड्रेन व्हॉल्व्हमध्ये अडकले तर तो पूर्ण मिटत नाही आणि पुढच्या धुण्याला पाणी भरता भरताच गळून जातं. शेवटी दोनदा साध्या पाण्याने रिन्स. या पाण्यात व्हिनेगर किंवा क्लोरीनचं ब्लीच अजिबात मिसळू नका.

जाळीची पिशवी दर तीन-चार धुण्यांनी उलटी करून जुन्या टूथब्रशने घासावी. फाटली असेल तर बदलाच. फाटक्या जाळीतून लिंट परत काळ्या कपड्यांवर बसतं.

एवढं करूनही वास राहिला तर तळाची फिरती चकती बघा. प्लग काढून मधला स्क्रू सोडवायचा, चकतीच्या भोकांत दोन बाजूंनी दोरी ओवून सरळ वर ओढायची. खाली केस, माती, पिना, नाणी सापडतात. स्क्रू गंजलेला असेल तर जोर लावू नका, मेकॅनिकला बोलवा.

पहिल्या वेळी चार वेळा गाळावं लागलं. आता दर दोन महिन्यांनी एकदा केलं की दुसऱ्या गाळणीतच पाणी स्वच्छ दिसतं.