दहा ब्रासच्या पायात साडेचौदा ब्रास: मी कशी फसले

आधी आकडा सांगते, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. ५.४ ब्रास डबर, म्हणजे पायाचा ओबडधोबड दगड, आणि ४१ गोण्या सिमेंट. एवढ्याचे पैसे मी मोजले आणि एवढं माझ्या जागेवर कधी आलंच नाही. वाळू किती गेली ते सांगता येत नाही, कारण वाळूचं माप मी घेतलंच नव्हतं. रुपयांत लिहीत नाही. भाव जागोजागी वेगळे असतात, मापं मात्र सगळीकडे तीच.

आणि हो, मी अडाणी नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासते. बिलात चार आण्यांची चूक असली तर मला झोप येत नाही. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लाज वाटत होती.

काम साधं होतं. एका गोदामाचा दगडी पाया, मध्ये आडवी भिंत नाही, फक्त चार बाजू. भिंतींच्या मध्यरेषेवरून मोजलं तर एक फेरा बरोबर १०० फूट. खालची पायरी अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच, म्हणजे ५०० घनफूट. वरची दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच, म्हणजे पुन्हा ५००. एकूण १००० घनफूट, शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे दहा ब्रास बांधकाम. इथपर्यंत ठेकेदार आणि मी एकमत होतो. माप मध्यरेषेवरून धरायचं हेही त्यानंच सांगितलं. बाहेरून धरलं तर कोपरे दोनदा मोजले जातात, म्हणाला. असं स्वतःहून माझ्या फायद्याचं सांगणारा माणूस खोटा कसा असेल, असं मला वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं.

मग त्यानं पिंप आणलं. २०० लिटरचं निळं पिंप माझ्यासमोर डबराने काठोकाठ भरलं आणि १५ लिटरच्या बादलीने त्यात पाणी ओतायला लागला. एक, दोन, तीन... सहावी बादली संपली तेव्हा पाणी काठाला आलं. "बघा ताई, नव्वद लिटर. दोनशेत नव्वद म्हणजे पंचेचाळीस टक्के नुसती हवा. दगडात हवा असते हे कोणी सांगत नाही तुम्हाला." मी भारावून गेले. माझ्या डोळ्यांदेखत झालेला प्रयोग, त्यात खोटं काहीच नव्हतं. आजही म्हणते, प्रयोग खरा होता. डबराच्या ढिगात चाळीस-पंचेचाळीस टक्के पोकळी असतेच. पिंपात थोडी जास्तच दिसते, कारण कडेला मोठे दगड नीट बसत नाहीत.

खोटं होतं ते पुढच्या कागदावर. त्यानं लिहिलं: दगड भरीव फक्त ५५ टक्के, म्हणून दहा ब्रास भिंतीला १० भागिले ०.५५, म्हणजे १८ ब्रास डबर. खाली लिहिलं: पोकळी ४५ टक्के, ती सिमेंट-वाळूच्या मालाने भरायची, म्हणून १००० घनफुटाला ४५० घनफूट ओला माल. कोरडा माल पाणी घातल्यावर दबतो म्हणून त्याची दीडपट, ६७५ घनफूट. एकास सहाचं प्रमाण, म्हणजे सात भागांत एक भाग सिमेंट, ९६ घनफूट. एका गोणीत साधारण १.२२ घनफूट, म्हणजे ७९ गोण्या.

त्या रात्री तो कागद घेऊन मी कॅल्क्युलेटरवर बसले. प्रत्येक गुणाकार तपासला, प्रत्येक भागाकार तपासला. सगळे बरोबर. बेरीज मात्र केली नाही! १८ ब्रास डबरात भरीव दगड किती? ५५ टक्क्यांनी ९.९ ब्रास. माल किती? ४.५ ब्रास. एकूण १४.४. दहा ब्रासच्या भिंतीत साडेचौदा ब्रास वस्तू कुठे कोंबणार होता तो? एक ओळीची बेरीज. दिवसातून पन्नास वेळा मी अशा बेरजा करते आणि इथेच केली नाही. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

त्यानं एकच पोकळी दोनदा विकली. भिंत सगळी भरीव दगडाची असती, तर १८ ब्रास लागला असता, पण मग माल शून्य. भिंत म्हणजे नुसता ओतलेला ढीग असता, तर ४.५ ब्रास माल लागला असता, पण मग डबर दहाच ब्रास. दोन्ही टोकांचे मोठे आकडे त्यानं उचलले आणि मी मान डोलावली.

खरी भिंत या दोन्हींच्या मधली असते. गवंडी दगड ओतत नाही, फिरवून, ठोकून बसवतो आणि मोठ्या सांध्यात मालासकट कपच्या दाबतो. त्यामुळे ढिगातली ४५ टक्के पोकळी भिंतीत ३० ते ३५ टक्क्यांवर येते. तेवढाच माल लागतो. ३३ टक्के धरा: ३३० घनफूट ओला माल, आणि उरलेले ६७० घनफूट भरीव दगड. ६७० भागिले ०.५५ केलं की १२१८ घनफूट ढीग येतो. थोडी फूटतूट धरून १२५०, म्हणजे साडेबारा ब्रास. दगडी बांधकामाला सव्वापट डबर धरतात ते यातूनच. कोरड्या मालाला साधारण १.३ पट धरतात, म्हणजे ४३० घनफूट. त्याला सातने भागून सिमेंट ६१, म्हणजे सुमारे ५० गोण्या. ७९ नाही. घडीव दगड असेल तर माल याहून कमी, गोटे किंवा बारीक दगड असतील तर जास्त. पण भरीव दगड अधिक माल बरोबर भिंत, यातून कोणाची सुटका नाही.

डबर तरी १८ ब्रास आला का? "तीन ब्रासची गाडी, सहा खेपा," असं चिठ्ठ्यांवर. सहा खेपा मी स्वतः मोजल्या, सहीसुद्धा केली. गाडीचा हौदा मोजला नाही. पुढे तोच डंपर शेजारच्या प्लॉटवर आला तेव्हा टेप घेऊन गेले. १२ फूट लांब, ७ फूट रुंद, अडीच फूट उंच: २१० घनफूट. सहा खेपांचे १२.६ ब्रास. म्हणजे भिंतीला जेवढा हवा तेवढाच त्यानं आणला होता! बिल १८ चं, डबर साडेबाराचा. हिशेब त्याला उत्तम येत होता, मलाच येत नव्हता. त्यातही गाडीतलं माप सैल असतं. डबर उतरवून चट्टा लावून, म्हणजे मोजता येईल असा चौकोनी रचून घेतला की तोच ढीग आणखी कमी भरतो. चट्टा लावल्याशिवाय चिठ्ठीवर सही करू नका, मजुरी गेली तरी चालेल.

सिमेंटचं तर आणखी वाईट. गवंडीमामांनी एकदा दबक्या आवाजात सांगितलं होतं, "ताई, मधल्या भरावाला माल पुरवून वापरा म्हणालेत." मला वाटलं, काटकसर करतायत, चांगलंच आहे. मला! काम संपल्यावर रिकाम्या गोण्या मोजल्या तर ३८. गोण्या रोज मोजायच्या असतात, आणि पूर्ण रिकाम्या करून बाजूला रचून ठेवायच्या असतात. एकास सहाच्या प्रमाणाने ३८ गोण्यांतून ओला माल होतो सुमारे २५० घनफूट. भिंतीला हवा होता ३३०. एकतर माल पातळ आणि हलका केला, नाहीतर मध्ये पोकळ ठेवलं.

मध्ये पोकळच होतं. पाण्याचा पाइप घालायला जोत्याखाली एक फूटभर भोक पाडलं तेव्हा दोन्ही बाहेरचे दगड मालात घट्ट होते, आणि मधले कोरडे, हाताने निघणारे, खाली बारीक चुरा. एक बादली पाणी ओतलं. ते साठलं नाही, वर आलं नाही, गेलं कुठे तेही कळलं नाही. पाया बांधून झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी चर बुजवायची त्याला एवढी घाई का होती, ते मला तेव्हा समजलं. ती घाई दिसली की चर बुजवू देऊ नका. वरच्या थरावर दोन-चार ठिकाणी सळई खुपसून बघा, फूटभर सहज आत गेली तर मध्ये माल नाही.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिलाच प्रश्न, "लेखी करार आहे का?" कागद दाखवला. "यावर तुमची सही आहे की. तुम्ही मान्य केलंय." मी म्हटलं, आकडे खोटे आहेत. "गुणाकार बरोबर दिसतायत," म्हणाले. मीही तेच म्हटलं होतं त्या रात्री, काय बोलणार! ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. वजनमापांच्या ऑफिसात गेले तर तिथे म्हणे आम्ही काटे तपासतो, डंपरचा हौदा नाही. ग्राहकांच्या तक्रारींसाठी जिथे पाठवलं तिथे फॉर्म भरला, तीन प्रती दिल्या, एक प्रत त्यांच्याकडून हरवली, पुन्हा दिली. चार फेऱ्यांनंतर विचारलं, "पाया कुठे आहे?" जमिनीत, म्हटलं. "मग माप कसं घेणार?" अहो, पाया जमिनीतच असतो! पाहणीला माणूस येईल म्हणाले. कोणी आलं नाही. पाचव्या फेरीला वेगळाच माणूस बसला होता, त्याने पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं आणि शेवटी विचारलं, "डबर म्हणजे काय?" डबर म्हणजे काय हे माहीत नसलेला माणूस माझ्या डबराचा निकाल लावणार होता.

ठेकेदार फोन उचलतो, हा आणखी एक त्रास. गोड बोलतो. "ताई, दगडात हवा असते, मी तेव्हाच सांगितलं होतं."

दुसऱ्या एका इंजिनिअरच्या सांगण्यावरून वरून दर चार फुटांवर भोकं पाडून सिमेंटचं पातळ मिश्रण आत सोडलं. १४ गोण्या गेल्या. काही भोकांत मिश्रण वर आलं, काहींत शेवटपर्यंत आलं नाही. जिथे आलं नाही त्या जागा खडूने खुणा करून ठेवल्यात, आणि त्यावर भिंत चढवायची की नाही हे अजून ठरलेलं नाही.