आठ महिने [h]:mm:ss वापरल्यावर: उद्यमबागेतल्या मशीनच्या तासांचा हिशेब

बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी जॉबवर्कची बिलं करतो. मशीनच्या काउंटरवर रोजचा चालू वेळ सेकंदांत येतो आणि बिल मात्र ताशी दराने लागतं. मधला सगळा हिशेब आठ महिन्यांपासून एक्सेलमध्ये आहे.

सुरुवातीला एका बिलात आमचे दहा हजार आठशे रुपये कमी लागले. त्या आठवड्याचे सहा दिवसांचे सेकंद होते 21540, 23875, 19260, 25310, 22405 आणि 20130. प्रत्येकाला 86400 ने भागून hh:mm:ss दिलं होतं, कारण एक्सेल वेळ दिवसाचा अपूर्णांक म्हणून ठेवतं. बेरीज दिसली 12:48:40, आणि तीच मी बिलावर उतरवली. खरा वेळ होता 36:48:40. hh चोवीस तास झाले की पुन्हा शून्यापासून मोजतं. पूर्ण झालेला दिवस दिसतच नाही. आतला आकडा मात्र शाबूत असतो. म्हणून बेरजेच्या सेलला कस्टम फॉरमॅट [h]:mm:ss दिला की झालं. चौकटी कंसामुळे तास पुढे चढतच राहतात.

दर लावताना दुसरी चूक होता होता राहिली. ताशी 450 रुपयांनी त्या सेललाच गुणलं तर 690 रुपये येतात, कारण आत दीड दिवसच आहे. 24 ने गुणायला हवं. मी आता मूळ सेकंदांवरच `=SUM(B2:B7)/3600*450` लावतो, 16565 रुपये येतात.

बिलावर शब्दांत वेळ हवी म्हणून B8 मध्ये सेकंदांची बेरीज ठेवून हे लिहिलं:

```
=INT(B8/3600)&" तास "&INT(MOD(B8,3600)/60)&" मिनिटे "&MOD(B8,60)&" सेकंद"
```

36 तास 48 मिनिटे 40 सेकंद. आमचे कन्नड बोलणारे ऑपरेटरही ‘तासु’च म्हणतात, त्यामुळे कागद कुणालाही वाचता येतो. काउंटर दशांशात सेकंद देत असेल तर आधी B8 मध्येच ROUND करा. शेवटच्या तुकड्यावर केलात तर 59.6 चे 60 होऊन ‘59 मिनिटे 60 सेकंद’ असं छापून येतं.

हे शब्द किंवा TEXT ने बनवलेली वेळ बेरजेत मात्र कधीच घेऊ नका. SUM मजकूर मोजत नाही, मुकाट्याने शून्य देतं. ओळखायची खूण अशी, की संरेखन बदललं नसेल तर मजकूर सेलच्या डाव्या कडेला चिकटतो आणि आकडा उजव्या. शंका आली तर ISNUMBER लावा.

आता माझ्या शीटमध्ये सेकंदांचा कॉलम आहे तसाच राहतो, त्यावर कुणी हात लावत नाही. रुपये तिथूनच निघतात आणि शब्दांतली वेळ फक्त छापायच्या कॉलममध्ये असते. मागच्या सात महिन्यांत एकही बिल परत आलेलं नाही.