वन टाइम फोटो, नऊ महिने वापरून: माझा अनुभव

व्हॉट्सॲपचा तो गोलात एकचा आकडा असलेला, समोरच्याला एकदाच बघता येणारा वन टाइम फोटो मी नऊ महिने झाले वापरायलोय आणि आज लिहायला बसलो त्याचं कारण म्हणजे माझ्या मायच्या पासबुकचा फोटो, जो मी वन टाइम करून पाठवला होता, तोच मला तीन आठवड्यांनी दुसऱ्याच माणसाच्या मोबाईलवरून परत आला.

आधी काय झालं ते सांगतो. मी संभाजीनगरला नोकरीला, माय गावाकडं लातूरच्या बाजूला. पीक विमा, अनुदान, केवायसी, काहीही निघालं की कागदं मलाच पाठवावी लागतात, कारण दरवेळी गावाकडं जायचं म्हटलं तर जाण्यायेण्यात हजार रुपये आणि एक सुट्टी जाते. तालुक्याच्या एका ऑनलाइन सेंटरवाल्या दादांना मी आधार, पासबुक, सातबारा पाठवायचो. आधी साधेच पाठवायचो. मग विचार आला की ह्यांच्या मोबाईलमधी आपल्या मायचं आधार किती वर्षं पडून राहणार, म्हणून वन टाइम सुरू केलं.

पहिले दोन-तीन महिने मी लै खूश होतो आणि चार जणांना सांगत पण होतो की असंच पाठवा. समोरच्याला तो फोटो सेव्ह करता येत नाही, फॉरवर्ड करता येत नाही, स्टार करून ठेवता येत नाही, गॅलरीत जात नाही. एकदा उघडून बंद केला की संपला. स्क्रीनशॉट २०२२ पर्यंत निघायचा, नंतर कंपनीनं तो पण बंद केला. चौदा दिवसांत उघडलाच नाही तरी जातो. आणि ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसती, पाठवणाऱ्याला पण तो परत बघता येत नाही. मी एकदा गडबडीत पासबुकचं चुकीचं पान पाठवलं, पण कोणतं पान गेलं तेच मला बघता येईना, दादांना फोन करून विचारावं लागलं.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार. ते एकचं बटण दरवेळी दाबावं लागतं. फोटो निवडला, खाली कॅप्शनच्या डब्यात उजव्या कोपऱ्यात तो बारीक गोल, तो दाबायचा, मग सेंड. ह्या माणसाला कायम वन टाइमच पाठव अशी सेटिंग नाही. मी चार फोटो पाठवताना तीन वन टाइम गेले आणि आधार साधंच गेलं, ते पण दोन वेळा. डिलीट फॉर एव्हरीवन केलं, पण तोवर समोरच्याचं ऑटो डाउनलोड चालू असलं तर काय उपयोग. माझ्या मते तर ह्या एका बटणानं अर्धं संरक्षण खाल्लंय, कारण कागदं पाठवणारा माणूस घाईतच असतो.

इथपर्यंत मी पाच पैकी चार स्टार दिले असते. आता तो पासबुकचा फोटो.

गावातल्याच एका ओळखीच्या मुलानं मला फोटो पाठवला, म्हणे काका तुमच्या मायचं पासबुक आमच्याकडं आलंय, हे चुकून आलंय का. बघतो तर फोटो मीच पाठवलेला, पण तो फाइल म्हणून आलेला नव्हता, मोबाईलच्या स्क्रीनचा काढलेला फोटो होता. लगेच कळतं ते. अक्षरांवरून इंद्रधनुष्यासारख्या बारीक लाटा दिसत होत्या, एका कडेला ट्यूबलाइटची पांढरी पट्टी चमकत होती आणि खाली मोबाईल धरलेला अंगठा. कुणीतरी पहिल्या मोबाईलवर फोटो उघडला आणि दुसऱ्या मोबाईलनं त्याचा फोटो घेतला. ह्याला स्क्रीनशॉटबंदी काय करणार? ती त्या मोबाईलच्या आत चालती, समोर धरलेला दुसरा कॅमेरा तिला दिसत नाही.

मी चिडून दादांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "अहो, मला अर्ज कॉम्प्युटरवर भरावा लागतो. तुमचा फोटो कॉम्प्युटरच्या व्हॉट्सॲपवर उघडतच नाही, मोबाईलवर बघा म्हणतंय. मोबाईलवर उघडला तर सेव्ह होईना. मग पोर्टलवर अपलोड काय करू?" म्हणून त्यांच्या सेंटरवरच्या पोरानं दुसऱ्या मोबाईलनं फोटो घेतला, तो सेंटरच्या ग्रुपवर टाकला, तिथून कॉम्प्युटरवर घेतला, आणि त्या ग्रुपमधी गावोगावचे त्यांचे लोक होते. म्हणजे मी साधा फोटो पाठवला असता तर तो एका मोबाईलमधी राहिला असता, वन टाइम केला म्हणून ग्रुपभर फिरला. खरं सांगायचं तर मला दादांचा जेवढा राग आला तेवढाच स्वतःचा पण आला, कारण ज्याला फाइल अपलोड करायचीय त्याला मी बघून फेकून द्यायचा फोटो देत होतो.

मग मी जरा वाचून काढलं. कॉम्प्युटरवर तो फोटो उघडत नाही हे जे आपण बघतो, ते पण पक्कं कुलूप नव्हतं. सप्टेंबर २०२४ मधी झेंगो नावाच्या कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की फोटो वेबवर पण येतच होता, सोबत फक्त हा वन टाइम आहे अशी एक खूण होती, आणि ती खूण बदलली की साध्या फोटोसारखा सेव्ह होत होता. तसे ब्राउझर एक्स्टेन्शन पण बाहेर आले होते. व्हॉट्सॲपनं नंतर दुरुस्ती केली. पण त्यातून मला एवढं समजलं की फोटो समोरच्याच्या मोबाईलवर पूर्णच पोहोचतो, ठेवू देऊ नको हे त्याच्याकडच्या ॲपनं पाळायचं असतं.

अजून एक, मी "ओपन्ड" दिसायची वाट बघत बसायचो. समोरच्यानं ब्लू टिक बंद ठेवल्या असतील तर ते तुम्हाला दिसतच नाही. आणि न उघडलेला फोटो बॅकअपमधी गेला तर रिस्टोअर केल्यावर परत येऊ शकतो, उघडलेला येत नाही.

व्हॉइस नोटचं थोडक्यात. डिसेंबर २०२३ पासून ती पण वन टाइम करता येती, रेकॉर्डिंग वर सरकवून लॉक करायचं मग एकचं बटण येतं. मायला एटीएमचा पिन मी असा पाठवला. ती एसटी स्टँडवर होती, गाड्यांच्या आवाजात दोनच आकडे ऐकू आले, बंद केलं आणि गेलं. परत ऐकता येईना म्हणून तिनं शेजारी उभ्या बाईचा फोन घेऊन मला विचारलं, आणि मी तो पिन त्या बाईच्या फोनवर मोठ्यानं सांगितला. समोरचा माणूस निवांत जागी नसेल तर ही नोट पाठवूच नये.

आता मी काय करायलोय ते सांगतो. आधार मास्क्ड काढलंय, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात, चालतं तिथं तेच देतो. पासबुकच्या झेरॉक्सवर पेननं आडवं लिहितो, "फक्त पीक विम्यासाठी", खाली तारीख, ते पण खाते क्रमांकाला अगदी चिकटून, म्हणजे कापून टाकता येणार नाही, पण आकडे मात्र वाचता आले पाहिजेत नाहीतर अर्ज परत येतो. त्याचा साधा फोटो पाठवतो, काम झालं की दादांना फोन करून डिलीट करायला सांगतो. वन टाइम ठेवलाय फक्त बघून विसरायच्या गोष्टींना, मायच्या पायाची जखम बहिणीला दाखवायची असली की तसं. परवाच माय म्हणाली, "त्या एकवाल्यात पाठवू नको रे, मला दोनदा बघायचं असतंय."